फेड-आउटमध्ये खरखरणारा तंबोरा: ९६/२४ चा मास्टर ४४.१/१६ वर आणताना

प्रश्न: ख्यालगायनाचा अल्बम ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये मास्टर केलाय. कंपनीला ४४.१/१६ ची वेव्ह फाइल हवी आहे. मास्टर बसवर शेवटी १६ बिटचा डिदर लावला (नॉइज शेपिंग चालू ठेवून) आणि ४४.१ ला एक्सपोर्ट केलं, तर फेड-आउटच्या शेवटी तंबोरा खरखरतो आणि मीटर दोन ठिकाणी लाल होतो. ९६ च्या फाइलमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. सगळं ८८.२ ला रेकॉर्ड करायला हवं होतं का? आणि नॉइज शेपिंगचे तीन-चार पर्याय दिसतात, त्यातला कोणता घेऊ?

उत्तर:

रेकॉर्डिंग ९६ ला केलंत त्यात काही चुकलेलं नाही, तेव्हा ती रुखरुख आधी मनातून काढा. खरखर आणि लाल मीटर हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. खरखर डिदर, म्हणजे १६ बिटवर आणताना मुद्दाम मिसळलेला बारीक नॉइज, चुकीच्या जागी लागल्यामुळे येते. लाल मीटरचा डिदरशी संबंध नाही, तो लिमिटर आणि रिसॅम्पलिंग यांच्या क्रमातून येतो. दोन्ही दुरुस्त होतात आणि त्यासाठी मास्टर पुन्हा करावा लागत नाही.

खरखरीपासून सुरुवात करते, कारण ख्यालगायनाच्या फाइलमध्ये तोच दोष जास्त बोचतो.

मास्टर बसवर सगळ्यात शेवटी डिदर ठेवला म्हणजे तो खरोखर शेवटी लागला, असं आपल्याला वाटतं. पण सॅम्पल रेट बदलायचं काम बहुतेक सॉफ्टवेअर एक्सपोर्ट करताना, म्हणजे बसवरचं सगळं होऊन गेल्यावर करतं. तुमच्या बाबतीत प्लगिनने ९६ वरच आवाज १६ बिटच्या पायऱ्यांवर नीट बसवला. मग रिसॅम्पलर आला. त्याचं प्रत्येक नवं सॅम्पल हे आजूबाजूच्या अनेक जुन्या सॅम्पलांची वजन देऊन केलेली बेरीज असते. त्या बेरजेतून पुन्हा अपूर्णांक तयार होतात आणि पायऱ्यांवर बसवलेलं सगळं विस्कटतं. फाइल लिहिताना हे अपूर्णांक दुसऱ्यांदा १६ बिटवर आणावे लागतात, आणि त्या वेळी डिदर लावायला कुणीच नसतं. खरं बिट कमी करणं तिथे होतं, आणि ते डिदरशिवाय होतं.

नॉइज शेपिंग चालू असल्यामुळे हे आणखी बिघडलं. साधा, सपाट डिदर ९६ वर लावला असता तर त्याच्या नॉइजपैकी जवळजवळ निम्मा भाग २२ किलोहर्ट्झच्या खाली उरला असता. रिसॅम्पलिंगनंतरच्या दुसऱ्या कपातीत त्याने थोडाफार डिदरचं काम केलं असतं. शेपिंगचा उद्देशच नॉइज कानाच्या टप्प्याबाहेर ढकलण्याचा असतो. ९६ वर त्याला २२ किलोहर्ट्झच्या वर भरपूर मोकळी जागा मिळते, आणि नॉइज बहुतेक तिकडे जातो. रिसॅम्पलरचा फिल्टर नेमका तोच भाग कापतो. राखण करायला ठेवलेला नॉइज अशा रीतीने वाटेतच संपला आणि शेवटची कपात उघडी पडली. फेडसाठी मास्टर फेडर ओढला असेल आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो फेडर प्लगिनच्या नंतर येत असेल, तर ही आणखी एक भर. फेड झाला की डिदर लावलेली प्रत्येक किंमत पुन्हा अपूर्णांकात जाते.

हा दोष मुख्य गायनात ऐकू येत नाही आणि फेडमध्येच येतो, त्याचं कारण आकड्यांवरून लगेच दिसेल. १६ बिटमधली एक पायरी, म्हणजे आवाजातला सगळ्यात लहान फरक, पूर्ण पातळीच्या साधारण ९० डेसिबल खाली असते. समजा गाणं संपल्यावर एकटा तंबोरा वाजतोय, त्याची शिखरं -४२ डेसिबलवर आहेत, आणि तुम्ही २० सेकंदांत ६० डेसिबल उतरणारा फेड दिलाय. म्हणजे दर सेकंदाला ३ डेसिबल. दहाव्या सेकंदाला तंबोऱ्याची लाट शून्याच्या वर-खाली जेमतेम आठ-आठ पायऱ्यांची उरते. तेराव्या सेकंदाला तीन-तीन पायऱ्या. सोळाव्या सेकंदाला एकच. अठराव्या सेकंदाच्या सुमारास लाट अर्ध्या पायरीपेक्षा लहान होते. जवळच्या पायरीवर बसवण्याच्या नियमाने मग सगळी सॅम्पलं शून्य होतात आणि आवाज एकदम तुटतो. राहिलेल्या दोन सेकंदांचा फेड फाइलमध्ये नसतोच.

एका पायरीवर आलेला तंबोरा म्हणजे षड्जाच्या गोल लाटेची चौकोनी लाट. चौकोनी लाटेत मुळात नसलेले स्वरांश येतात आणि खरखर होते ती त्यांची. पण त्याच्याही आधी काहीतरी गेलेलं असतं, ती म्हणजे जवारी. जवारीचं तेज ज्या वरच्या स्वरांशांमधून येतं त्यांतले बरेचसे फार बारीक असतात. षड्ज अजून पाच-सहा पायऱ्यांवर व्यवस्थित उभा असताना हे बारीक अंश एका पायरीच्या आत गेलेले असतात. तार अजून वाजतेय, पण जवारी बसली आहे, असं तेव्हा वाटतं. ही चूक मीही केलेली आहे, तुमच्यासारखीच प्लगिनची जागा धरून. ते दाखवून देणारे गायक होते. त्यांना डिदर हा शब्द माहीत नव्हता. ‘शेवटी जवारी कुणी पुसली?’ एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हापासून प्रत्येक फाइलचं शेपूट मी वेगळं काढून ऐकते.

मुख्य गायनात याची झळ लागत नाही, कारण तिथे रेकॉर्डिंगचा स्वतःचा नॉइज असतो. खोली, मायक्रोफोन, प्रीअँप असं सगळं मिळून तो समजा -७० डेसिबलच्या आसपास असेल. म्हणजे तो १६ बिटच्या पायरीच्या कितीतरी वर आहे आणि आपोआप डिदरचं काम करतो. ‘डिदर न लावताही मला फरक ऐकू आला नाही’ असं सांगणारे बहुतेक वेळा खोटं बोलत नसतात. त्यांच्या रेकॉर्डिंगमधल्या नॉइजने त्यांना सांभाळून घेतलेलं असतं. पण फेड-आउट तंबोऱ्याबरोबर त्या नॉइजलाही खाली नेतो. ६० डेसिबलच्या फेडनंतर तो -१३० च्या घरात जातो आणि राखण संपते. सतत मोठ्या आवाजात चालणाऱ्या आणि झटक्यात संपणाऱ्या गाण्यांमध्ये डिदर विसरला तरी सहसा कुणाला कळणार नाही. लांब फेड, संथ आलाप आणि हेडफोनवर आवाज वाढवून ऐकणारा श्रोता असेल तर कळतं.

डिदर इथे करतो काय? पायरी ठरवण्याआधी तो प्रत्येक सॅम्पलमध्ये थोडा यादृच्छिक नॉइज मिसळतो. समजा खरी किंमत एका पायरीच्या तीन दशांश आहे. डिदर नसेल तर ती दर वेळी शून्यच होते. डिदर असेल तर दहापैकी सरासरी तीन वेळा वरची पायरी मिळते आणि सात वेळा खालची. एकेका सॅम्पलमध्ये चूक राहते, पण सरासरी बरोबर येते, आणि कान सरासरीच ऐकतो. पायरीपेक्षा लहान स्वर या वाटेने एका स्थिर सुसकाऱ्याच्या आत शाबूत राहतो.

हा नॉइज किती आणि कसा असावा याचा पाया कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टॅनली लिपशिट्झ आणि जॉन वँडरकूय यांनी १९८० च्या दशकात पक्का केला. एक पायरी रुंदीचे दोन स्वतंत्र यादृच्छिक आकडे घेऊन त्यांची बेरीज करायची. या बेरजेचं वितरण त्रिकोणी होतं, म्हणून पडद्यावर त्याचं नाव `TPDF` असं दिसतं. एकच आकडा घेतला तर सरासरी बरोबर येते, पण सुसकारा आवाजाबरोबर कमी-जास्त होत राहतो. दोन घेतले की तो एका पातळीवर स्थिर होतो. याची किंमत जवळजवळ ५ डेसिबल आहे: १६ बिटचं ९८ डेसिबलचं अंतर ९३ वर येतं. ती मी दर वेळी निःशंकपणे मोजते. स्थिर सुसकारा कान थोड्या वेळात विसरतो, पण तारेच्या मागे धावणारी खरखर विसरत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः ऐका. मी `sox` हे कमांड लिहून चालवायचं साधन वापरते, कारण त्यात काय कोणत्या क्रमाने होतंय ते लिहिलेलं डोळ्यांसमोर असतं. -१०० डेसिबलचा, म्हणजे पायरीच्या एक तृतीयांश उंचीचा, १ किलोहर्ट्झचा स्वर तयार करा आणि दोन प्रकारे १६ बिटवर आणा:

```
sox -r 96000 -n -b 24 tone.wav synth 10 sine 1000 gain -100
sox -D tone.wav -b 16 nodither.wav rate -v 44100
sox tone.wav -b 16 dither.wav rate -v 44100 dither
```

`-D` म्हणजे आपोआप लागणारा डिदर बंद. `nodither.wav` मध्ये निव्वळ शून्यं मिळतील. `dither.wav` ६० डेसिबल वाढवून ऐका, सुसकाऱ्यात स्वर स्वच्छ ऐकू येईल. आवाज वाढवण्याआधी हेडफोन कानावरून काढा आणि मग हळूहळू वर आणा.

आता रिसॅम्पलिंग आणि तुमची ८८.२ ची शंका. ४४.१ हा आकडा तसा विचित्र आहे. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत असत. तिथे प्रत्येक रेषेत ३ सॅम्पलं, एका फील्डमध्ये कामाच्या २४५ रेषा आणि सेकंदाला ६० फील्ड धरले की गुणाकार ४४,१०० होतो. तोच आकडा पुढे सीडीत आला. त्यामुळे ९६ शी त्याचं गुणोत्तर १४७ : ३२० असं आडमुठं पडतं, आणि ८८.२ शी मात्र सरळ निम्मं. यावरून ‘८८.२ असेल तर एकाआड एक सॅम्पल टाकलं की काम झालं’ असा समज पसरला.

तसं केलंत तर आवाज बिघडेल. ४४.१ च्या फाइलमध्ये २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. आधी गाळून काढलं नाही तर ते दुमडून खाली येतं: ३० किलोहर्ट्झवरचा अंश १४.१ वर येऊन बसतो, २६ वरचा १८.१ वर. मूळ स्वराशी त्याचं कसलंच नातं नसतं, म्हणून तो बेसूर आणि धातूसारखा लागतो. हा गाळणारा फिल्टर ८८.२ पासून आलात तरी लागतो आणि ९६ पासून आलात तरी लागतो. गुणवत्ता त्याच्यावरच ठरते. गुणोत्तर सोपं असेल तर गणित थोडं कमी होतं, आणि जुन्या, मंद यंत्रांवर त्याला महत्त्व होतं. आजचा कोणताही चांगला रिसॅम्पलर १४७ : ३२० न थकता करतो. उलट तुमचं काम पुढे व्हिडिओला जाण्याची शक्यता असेल तर ९६ च बरं, कारण तिथे ४८ मागतात.

फिल्टरमध्ये तुम्हाला निवडायचंय ते एवढंच की तो कुठून उतरायला लागतो. २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं तसंच ठेवायचं आणि २२.०५ पर्यंत पूर्ण बंद व्हायचं, त्यामुळे उतार तीव्रच असतो. जितका तीव्र, तितकी झटक्याच्या आवाजाभोवती त्याची लहर जास्त लांबते, पण ती लहर २१-२२ किलोहर्ट्झच्या आसपासची असते. `sox` चा `rate -v` आपणहून ९५ टक्के रुंदी ठेवतो, म्हणजे साधारण २०.९ किलोहर्ट्झपर्यंत काही हलवत नाही. मला तेवढं पुरतं. `-s` लावून ९९ टक्क्यांपर्यंत ताणण्याची गरज गायनाच्या कामात मला कधी पडलेली नाही.

तुमच्या सॉफ्टवेअरचा रिसॅम्पलर चांगला आहे की नाही हे पाहायला खालून वर चढत जाणारा स्वर बनवा, तो सॉफ्टवेअरमधून ४४.१ ला `sweep_44k.wav` या नावाने एक्सपोर्ट करा आणि त्या फाइलचं चित्र काढा:

```
sox -r 96000 -n -b 24 sweep.wav synth 20 sine 20:47000 gain -3
sox sweep_44k.wav -n spectrogram -o sweep.png
```

एकच तिरपी रेघ वर जाऊन २१-२२ च्या आसपास नाहीशी झाली तर ठीक. रेघ वरच्या कडेला आपटून पुन्हा खाली उतरताना दिसली, तर तो रिसॅम्पलर शेवटच्या कामासाठी वापरू नका. हे एकदाच करायचं आहे, पण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतलीत तर पुन्हा करा.

राहिला लाल मीटर. लिमिटरने ९६ वर शिखरं -०.१ डेसिबलवर सपाट कापली. कापलेल्या शिखराच्या कडा तीक्ष्ण असतात, आणि तो तीक्ष्णपणा २२ किलोहर्ट्झच्या वरच्या अंशांनी बनलेला असतो. रिसॅम्पलरने ते अंश काढले की सपाट माथा पुन्हा गोल होऊन वर उचलला जातो. शिवाय नवी सॅम्पलं लाटेवर वेगळ्या जागी पडतात, त्यामुळे आधी दोन सॅम्पलांच्या मध्ये लपलेलं शिखर आता नेमकं हाती लागू शकतं. लिमिटर जितका जोरात दाबला असेल तितकी ही उसळी मोठी. अगदी टोकाचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण चौकोनी लाटेतून मूळ स्वर तेवढा ठेवला, तर तो त्या चौकोनापेक्षा २.१ डेसिबल उंच निघतो. म्हणून ९६ वर मीटर हिरवा होता याचा ४४.१ वर काही उपयोग नाही. शिखरं रिसॅम्पलिंगनंतरच मोजायची.

माझ्याकडच्या एका ताज्या कामाचे आकडे देते. दोन रागांची मैफल, ९६/२४, लिमिटर -०.१ वर, शेवटी २० सेकंदांचा फेड. मैफलीत द्रुत बंदिशीच्या वेळी तबल्याच्या थापांवर लिमिटर बऱ्यापैकी दाबला जात होता. आधी फाइल न लिहिता फक्त मोजमाप घेतलं:

```
sox raag1_96k.wav -n gain -6 rate -v 44100 stats
```

सुरुवातीला `gain -6` ठेवायचं कारण असं की `sox` आतमध्ये ३२ बिटच्या पूर्णांकांत काम करतं आणि शून्याच्या वर गेलेलं तिथल्या तिथे कापतं. ६ डेसिबल जागा दिली की खरी उसळी मोजता येते. `Pk lev dB` च्या ओळीत -५.४ आलं. ६ मिळवले की +०.६. म्हणजे तशीच फाइल लिहिली असती तर काही थापा कापल्या गेल्या असत्या. दुसऱ्या रागात उसळी फक्त +०.२ होती.

इथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे ४४.१ ची २४ बिट किंवा फ्लोट फाइल काढायची, लिमिटर तिच्यावर पुन्हा चालवायचा आणि मग १६ बिट करायचं. गाणं ठरलेल्या मोठेपणाला पोचवायचं असेल तर ही वाट. दुसरी वाट म्हणजे सगळी पातळी सरळ थोडी खाली आणायची. मी दुसरी घेतली, कारण मैफलीत दीड-दोन डेसिबल कमी झाल्याने काही हरवत नाही आणि तबल्याची थाप दुसऱ्यांदा दाबली जात नाही. दोन्ही रागांना एकच आकडा लावला, नाहीतर त्यांच्यातलं नातं बिघडलं असतं. आकडा ठरवला जास्त उसळी असलेल्या रागावरून:

```
sox raag1_96k.wav -b 16 raag1_44k16.wav gain -1.8 rate -v 44100 dither
```

शिखर -१.२ च्या आसपास आलं. त्या फाइलवरून पुढे कुणी एमपी३ किंवा एएसी बनवली तर डिकोड करताना शिखरं पुन्हा थोडी उसळतात, त्यासाठी ही एक डेसिबलची जागा लागते. ट्रू पीक दाखवणारा मीटर असेल तर शेवटी त्यावरही पाहा आणि -१ च्या वर जाऊ देऊ नका. `sox` ने `rate clipped ... samples; decrease volume?` असा इशारा दिला तर ती फाइल टाकून द्या आणि `gain` आणखी खाली घ्या. तुमचा मास्टर ३२ बिट फ्लोटमध्ये असेल आणि शिखरं शून्याच्या वर असतील, तर ती आधी सॉफ्टवेअरमध्येच खाली आणा, कारण `sox` फाइल वाचतानाच ती कापेल.

ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचलीत तर सगळा क्रम तिच्यात आहे: फेड मास्टरमध्ये आधीच झालेला, मग पातळी, मग रेट, आणि सगळ्यांच्या मागे डिदर. त्याच्यानंतर फेड नाही, गेन नाही, नॉर्मलाइज नाही. तुमच्या प्रोजेक्टमधलं डिदरचं प्लगिन बंद करा, ९६/२४ तशीच बाहेर काढा आणि हे काम बाहेर करा. २४ बिट लिहिताना होणाऱ्या कपातीची काळजी करू नका. तिथली पायरी १३८ डेसिबल खाली असते, आणि मायक्रोफोन-प्रीअँपचा नॉइज तिच्या कितीतरी वर असतो.

हे सगळं सॉफ्टवेअरच्या एक्सपोर्ट खिडकीतूनच करायचं असेल तर रेट, बिट आणि डिदर तिन्ही त्या खिडकीत असायला हवेत, म्हणजे क्रम बहुतेक बरोबर लागतो. खात्री मात्र वरच्या -१०० डेसिबलच्या स्वराने करून घ्या: तो एक्सपोर्टनंतर ऐकू यायला हवा. `ffmpeg` वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण १६ बिट मागितलं तर ते स्वतःहून डिदर लावत नाही. तो पर्याय मुद्दाम द्यावा लागतो.

फाइल तयार झाली की शेवटचे आठ सेकंद असे ऐका:

```
sox raag1_44k16.wav -b 24 tail.wav trim -8 gain 50
```

मऊ, एकसारखा सुसकारा आणि त्यात हळूहळू बुडत जाणारा तंबोरा ऐकू आला तर काम बरोबर झालंय. सुसकारा तारेच्या प्रत्येक छेडीबरोबर खरखरत वर-खाली होत असेल किंवा शेवटी एकदम निव्वळ शांतता येत असेल, तर कुठेतरी डिदर सुटलाय. तुमची आत्ताची फाइल आधी अशी ऐका आणि मग नवी, म्हणजे कान काय शोधतोय ते कळेल.

नॉइज शेपिंगचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. शेपिंग एकूण नॉइज कमी करत नाही, उलट वाढवतं. पण कान जिथे सगळ्यात तीक्ष्ण असतो त्या ३-४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातून तो उचलून १५ किलोहर्ट्झच्या वर नेऊन ठेवतं, आणि त्यामुळे सुसकारा कमी वाटतो. फाइल यापुढे कुणीच हात न लावता सीडीवर जाणार असेल आणि रेकॉर्डिंग खरोखर शांत असेल, तर ४४.१ वर आल्यानंतर सौम्य शेपिंग लावायला हरकत नाही. `sox` मध्ये त्यासाठी `dither -f low-shibata` लिहायचं. पर्यायांच्या यादीतला सर्वांत आक्रमक पर्याय मात्र घेऊ नका. त्याने वरच्या पट्ट्यात ढीग लावलेला असतो, आणि पुढे कुणी त्या फाइलवरून रेट बदलला, पातळी बदलली किंवा एएसी बनवली तर तो ढीग पुन्हा वाटेत येतो. कंपनी फाइलचं पुढे काय करते ते आपल्या हातात नसतं. म्हणून मी अशा कामात सपाट `TPDF` च देते. तुमच्या मैफलीत खोलीचा आवाज -७० च्या आसपास असेल, तर -९३ वरचा सुसकारा गायनाखाली कुणालाही ऐकू येणार नाही, आणि फेडच्या शेवटी तो ज्याला ऐकू येईल त्याने आवाज फारच वाढवलेला असेल.

एक गोष्ट कंपनीला आजच विचारा: १६ बिट खरंच हवंय का, की जुन्या फॉर्मवरची ओळ तशीच राहिली आहे? सीडी छापणार असतील तर ४४.१/१६ ला पर्याय नाही. पण फक्त स्ट्रीमिंगसाठी हवं असेल तर अनेक वितरक आता २४ बिट घेतात. त्यांनी ४४.१/२४ घेतलं तर वरची रेट आणि शिखरांची काळजी तशीच राहते, पण तंबोऱ्याचा प्रश्नच उरत नाही. वरच्या ओळीत `-b 24` लिहा आणि `dither` काढून टाका. आणि दोन्ही हवं असेल तर दोन्ही फाइली ९६ च्या मास्टरवरून वेगवेगळ्या काढा. १६ बिटवाली फाइल २४ च्या डब्यात घालून पाठवू नका, कारण गेलेली जवारी त्याने परत येत नाही.